गिअर ऑइलचं ताक

तीन सासवा असलेली सून आणि तीन मालक असलेली स्कूटर यांची अवस्था सारखीच. कामाला सगळ्यांना हवी, पण तिला काय होतंय हे विचारणारं कुणी नाही. अंधेरी पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगीत जिन्याखाली अशीच एक स्कूटर उभी असे. रंग पिस्ता. म्हणजे घेतली तेव्हा पिस्ता होता, पुढे पुढे तो वालाच्या बिरड्याकडे झुकला.

त्या काळी स्कूटर विकत मिळत नसे, पदरात पडत असे. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याने नंबर लावला तेव्हा त्याला धड मिशी फुटली नव्हती. नंबर आला तेव्हा त्याच मिशीला तो कलप लावत होता. एकट्याला झेपेना म्हणून त्याने तळमजल्यावरच्या मास्तरांना आणि मला भागीदार करून घेतलं. मास्तर घाटकोपरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. जगातल्या प्रत्येक गोष्टीमागचं कारण त्यांना ठाऊक असे, फक्त ती गोष्ट दुरुस्त कशी करायची तेवढं नसे. मी मरोळच्या एका कारखान्यात विक्री खात्यात होतो. खोटं बोलायचा पगार मिळत असे. घरी येऊन फुकट बोलायचो.

आठवड्याचे वार आम्ही वाटून घेतले. सोम-मंगळ माझे, बुध-गुरू बँकवाल्याचे, शुक्र-शनी मास्तरांचे, आणि रविवार आळीपाळीने. मग बिल्डिंगीच्या गणपतीसमोर, आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत, एक तोंडी घटना मंजूर झाली. कलमं पुष्कळ होती, पण जहाल एकच. ते बँकवाल्याचं.

“ज्याच्या हातून इंजिनात पाणी जाईल,” तो मोदकाकडे बघत म्हणाला, “त्याचे वार दिवाळीपर्यंत जप्त. मग तो कुणी का असेना. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

मी दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला. पाणी दुसऱ्याच्या हातून जाणार याबद्दल आम्हा तिघांनाही अजिबात शंका नव्हती.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. बायको मुलुंडची. अंधेरी आणि मुलुंड नकाशावर हातभर अंतरावर, पण गाडीने जायचं तर आधी दादरला जायचं, पूल चढायचा आणि मग तेवढंच उलट यायचं. या भूगोलावर बायकोचा पहिल्यापासून राग होता. श्रावणातल्या मंगळवारी माहेरी तिची पहिली मंगळागौर ठरली. तिची थोरली बहीण जुन्या का होईना, पण मोटारीतून उतरणार होती. मोटार तिच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या साडूची. त्यामुळे आमच्या घरात मंगळागौरीचा एकच अर्थ उरला.

“नऊवारीत, गजरा माळून, मी तुमच्या मागे स्कूटरवर बसून दारात उतरणार,” बायकोने सांगितलं. “दादर करून घामेजून गेले, तर ताईच्या सासूबाई मला सरबत देतील आणि वर ‘बस हो, दमली असशील’ म्हणतील. ते मला चालायचं नाही.”

“मंगळवार आपलाच आहे,” मी छाती काढून म्हणालो. “देव आला तरी मंगळवार हलत नाही.”

त्याच्या आधीचा रविवार नेमका माझ्या वाट्याचा आला. तिचं पोलकं पश्चिमेच्या शिंप्याकडे होतं. शिंप्याने ‘आज नक्की’ म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं होतं. पुस्तकातला श्रावण कोवळ्या उन्हाचा असतो. अंधेरीतला श्रावण त्या दिवशी तांब्याने नव्हे, घंगाळाने ओतत होता. जाताना रुळांखालच्या सबवेत घोट्याएवढं पाणी. पोलकं मिळालं, तेही चक्क मापाचं. त्या आनंदात तासभर चहा पीत बसलो. परत येतो तो सबवेचा तलाव झालेला. एक म्हैस त्यात डोळे मिटून बसली होती. आता कुणी म्हणेल सबवेत म्हैस कुठून आली. मी पाहिली ती म्हैसच होती. टेम्पो असता तर तिने डोळे मिटले नसते.

पाण्यातून स्कूटर कशी काढायची हे मला पाठ होतं. पहिला गिअर टाकायचा आणि तो बदलायचा नाही. क्लच अर्धा दाबून, अॅक्सिलेटर एकसारखा पिळून ठेवायचा, म्हणजे मागचा सायलेन्सर फुरफुरत राहतो आणि धुराच्या जोराने पाणी आत शिरत नाही. अॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सर पाणी प्यायला सुरुवात करतो. कडेने जायचं नाही, मधे रस्ता उंच असतो. झाडाची फांदी उभी दिसली की तिला वळसा घालायचा, कारण तिथे उघडं गटार असतं. पोलक्याची पिशवी मी गळ्यात अडकवली आणि हळूहळू आत शिरलो. पाणी पाय ठेवायच्या पत्र्याला लागलं, पण इंजिन आपलं गाणं म्हणत होतं. मध्यावर आलो. तेवढ्यात समोरून बेस्टची बस आली.

तिने जी लाट उठवली तिच्यावर वसईहून होड्या आल्या असत्या. लाट माझ्या गुडघ्यावरून गेली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि मी चावी बंद केली. मी चावी आधी बंद केली आणि मग इंजिन थांबलं, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

भिंतीच्या कडेला उभी असलेली मंडळी ओरडायला लागली, “किक मार ना यार! मार, मार, चालू होईल!”

पाण्यात इंजिन बंद पडलं, की मुंबईत धर्मकार्य समजून सगळे किक मारायला सांगतात. आत पाणी असताना किक मारली, तर ते पाणी पिस्टनच्या वर कोंडतं. पाणी दाबलं जात नाही, मग दबतं ते लोखंड. रिंगा जातात, कधी दांडाच वाकतो. मी किकला पाय लावला नाही. पेट्रोलचा कॉक बंद केला, स्कूटर न्यूट्रलला घातली आणि ढकलत घरापर्यंत आणली. वाटेतल्या सगळ्या मेकॅनिकांच्या दारात मान टाकलेल्या स्कूटरींच्या रांगा लागल्या होत्या. त्यांच्यापुढे रेशनच्या दुकानाची रांग लाजेल. एकाने तर माझ्याकडे न बघताच हात हलवून ‘गुरुवारी’ म्हटलं.

बिल्डिंगीच्या दारात बँकवाला उभाच होता. पांढरा लेंगा, पांढरा झब्बा, रविवारची टाळूला तेल लावलेली प्रसन्नता. मला ढकलताना पाहून ती प्रसन्नता दुप्पट झाली.

“मास्तर!” त्याने हाक मारली. “या लवकर! मंगळवार मोकळा झाला!”

“काही मोकळा वगैरे झालेला नाही,” मी म्हणालो. “इंजिन बंद पडलं नाही. मी बंद केलं. लाट दिसली, चावी फिरवली. आत थेंब नाही.”

“हे ठरवणार कोण?”

“विज्ञान,” मास्तर बनियन सारखं करत बाहेर येऊन म्हणाले. “प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी निघालं, तर इंजिनाने पाणी ओढलं. ओढलं म्हणजे ते चालू होतं. चालू होतं म्हणजे तुम्ही चावी उशिरा फिरवली.”

बायको वरून खाली आली. तिने आधी पोलक्याची पिशवी घेतली, आत बोटं घालून कोरडं आहे ना पाहिलं, आणि मग स्कूटरकडे बघितलं. नवऱ्याचा नंबर त्यानंतर होता.

“मंगळवारचं काय झालं?”

“तोच खटला चालू आहे, वहिनी,” बँकवाला म्हणाला.

जिन्याखालचा दिवा लागला. आम्ही आधी स्कूटरचं पुढचं चाक दोन पायऱ्या वर चढवलं, तसं सायलेन्सरमधून घळाघळा पाणी आलं. बँकवाला ‘हं!’ म्हणाला. मास्तरांनी तो पुरावा फेटाळला, सायलेन्सर म्हणजे बाहेरची ओसरी, आतलं घर नव्हे. मग इंजिनावरचं पत्र्याचं झाकण उतरवलं, प्लगची टोपी ओढली आणि पान्याने प्लग काढला. प्लग ओला होता.

“पेट्रोल आहे ते,” मी म्हणालो.

“पाणी आहे,” बँकवाला.

“किक मारा,” मास्तर म्हणाले. “प्लग बाहेर आहे, आता मारायला हरकत नाही. आत काय असेल ते भोकातून उडेल.”

चावी बंद आहे ना ते पाहून मी किकवर उभा राहिलो. आपला निकाल जवळून ऐकावा म्हणून बँकवाला भोकाशी वाकला. मी मनापासून किक मारली. निकाल त्याच्या झब्ब्यावर लागला, छातीपासून लेंग्याच्या नाडीपर्यंत, काळाकुट्ट.

“पाणी!” तो तशा अवस्थेत आनंदाने ओरडला. “पाणी आहे! मास्तर, हे बघा!”

“पेट्रोल मिसळलेलं असू शकतं. थांबा.” मास्तरांनी झब्ब्यावरचा थेंब बोटावर घेऊन आपल्या मनगटावर ठेवला आणि घड्याळासारखं त्याच्याकडे बघत बसले. “पेट्रोल असेल तर उडून जाईल आणि तेलाचा डाग राहील. पाणी असेल तर बसून राहील.”

आम्ही चौघं मास्तरांच्या मनगटाकडे बघत उभे राहिलो. थेंब हलला नाही. मंगळागौरीची सगळी फुलं मला त्या थेंबात कोमेजताना दिसली.

“दिवाळीपर्यंत,” बँकवाला झब्बा झटकत म्हणाला. “वाईट वाटतं रे. पण तत्त्व.”

“आणि मंगळवार कुणाचा?” मी विचारलं.

“तो वाटून घेऊ आम्ही. मला मालाडला मावशीकडे जायचंच होतं.”

बायकोकडे बघायची माझी हिंमत होईना. पण ती रडली नाही, चिडली नाही. तिने पदर खोचला आणि वर जाऊन एक जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन आली.

“शिक्षा झाली ना? मग आता गाडी तरी नीट करा,” ती म्हणाली. “वरचं तपासलंत. खाली गिअरचं तेल असतं ना? त्यातही पाणी गेलं असेल. ते कोण बघणार?”

“वहिनींना बरंच माहीत आहे,” मास्तर म्हणाले.

“बाबांकडे होती एक. पावसानंतर प्रत्येक वेळी तेल पाहायचे. मी पातेलं धरायचे.”

आता प्रत्येक पावसानंतर गिअर ऑइल पाहणारा माणूस मी तरी तोवर पाहिला नव्हता. त्या माणसाने मला मुलगी दिली, याचं मला जरा आश्चर्यच वाटलं. मी खाली वाकून नट सैल केला. गिअर ऑइल खरं म्हणजे काकवीसारखं हवं, दाट आणि पारदर्शक. आधी चमचाभर गढूळ पाणी आलं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून खाली बसलेलं पाणी आधी येतं. आणि मग आलं ते... काय सांगू. पाहुण्यांना दुधाचा चहा ओतावा तसं. फिकट, दुधट, फेसाळ. पातेल्यात त्याची सायसुद्धा धरली असती.

“बाप रे,” बँकवाला म्हणाला. “केवढं पाणी घातलंस तू आज!”

बायको पातेलं दिव्याखाली घेऊन गेली. तिने काडीने ते ढवळलं.

“आजचं पाणी पहिलं आलं ते. ते वेगळंच होतं,” ती म्हणाली. “हे घुसळलेलं आहे. पाणी आणि तेल असं एकजीव व्हायला रवी फिरावी लागते. हे तर आज गाडी ढकलत घेऊन आले. मास्तर, तेलात पाणी असताना गाडी चालवली तर काय होतं हो?”

प्रश्न विज्ञानाचा होता. मास्तरांना मोह आवरला नाही.

“अगदी बरोबर! गिअरची चाकं वेगाने फिरतात, तेल आणि पाणी घुसळलं जातं आणि हे असं ताक होतं. त्यासाठी गाडी इंजिनावर बऱ्यापैकी चालवावी लागते, काही दिवस तरी. म्हणजे पाणी यात आधीच शिरलेलं असणार. पूर्वी कधीतरी. कुणीतरी...”

इथे मास्तर थांबले. पाठ अर्ध्यावर सोडून खडू खाली ठेवावा तसे थांबले.

बायकोने काडी पातेल्याच्या काठावर आपटून निथळली.

“म्हणजे,” बायको शांतपणे म्हणाली, “आधी कुणीतरी बुडवली आणि सांगितलं नाही.”

“पुढचा ब्रेक उघडा,” मी एकदम उठून म्हणालो. आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर पडायची संधी सोडणाऱ्यांपैकी मी नव्हे. पुढचं चाक काढलं, ड्रम उघडला. आत गंज, पण एका पावसाचा नव्हे. थरावर थर, आणि थरांच्या मधे सुकलेला चिखल. एक चिखल काळा आणि एक तांबूस. पुस्तकातलं भूस्तरांचं चित्र दाखवताना मास्तर काय सांगत असतील ते मला तेव्हा समजलं.

“तांबडी माती मालाडची,” मी म्हणालो. “तिथल्या सबवेच्या पलीकडे रस्ता खणलाय ना, तिथली.”

बँकवाल्याने आपल्या खराब झालेल्या झब्ब्याकडे पाहिलं. कपडे वाचवण्याचा प्रश्न संपला की माणूस खरं बोलायला मोकळा होतो.

“एकदाच,” तो म्हणाला. “मावशीकडे जाताना. थोडंसंच पाणी होतं रे. प्लग काढला, बँकेत नेला, टोकनाच्या ताटलीत ठेवून पंख्याखाली वाळवला. मॅनेजरने विचारलं हे काय. म्हटलं, पिग्मीवाला विसरून गेला.”

“आणि तू तत्त्व सांगतोस!” मास्तर कडाडले. “मी निदान गप्प तरी होतो!”

“निदान म्हणजे?”

मास्तरांच्या लक्षात आलं, पण बाण सुटला होता. घाटकोपरला शाळेच्या दारातच त्यांची स्कूटर बुडाली होती. प्लग त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन दिव्याच्या ज्योतीवर धरला. नववीचा वर्ग समोर बसला होता. त्यांना त्यांनी ‘धातूचे प्रसरण’ शिकवलं. वर्गाने टिपून घेतलं आणि सहामाहीला तो प्रश्न मास्तरांनाच घालावा लागला.

“प्लग वाळला, गाडी सुरू झाली, मला वाटलं झालं,” ते म्हणाले. “बाकीचं काही उघडलं असतं तर तुम्हाला कळलं असतं.”

हेच तर खरं होतं. दिवाळीपर्यंतच्या जप्तीला घाबरून प्रत्येकाने फक्त प्लग वाळवला होता आणि बाकी सगळी स्कूटर पाण्यात तशीच कुजत ठेवली होती. कलम एवढं कडक केलं होतं, की गाडी वाचवायची सोयच उरली नव्हती.

मी मात्र त्या वेळी अत्यंत गंभीर, दुखावलेल्या सज्जनाचा चेहरा करून उभा होतो.

“आणि तू?” बँकवाल्याने विचारलं. “तू कधीच नाही?”

मी बायकोकडे बघितलं. ती पातेल्यातलं ताक ढवळत होती.

“छे,” मी म्हणालो.

“मग काय आता?” मास्तर म्हणाले. “नियमाने तिघांचेही वार जप्त. दिवाळीपर्यंत स्कूटर तत्त्वतः कुणाचीच नाही.”

“माझी आहे की,” बायको म्हणाली.

आम्ही तिघं वळलो.

“या बिल्डिंगीत ती न बुडवलेली मी एकटीच आहे. मंगळवार माझा. चालवतील हे, पण वार माझा. चुकतंय का काही?”

बँकवाल्याच्याच कलमाने त्याची वाट लावली होती. “वहिनी, तुम्ही आमच्या बँकेत का नाही लागलात?” एवढंच तो म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी तिघांनी मिळून स्कूटर अशी उघडली, की आजवर कुणी कुणाची मुंजही इतक्या निगुतीने लावली नसेल. कार्ब्युरेटरखालची वाटी काढून रिकामी केली. एअर फिल्टरची जाळी पेट्रोलमध्ये धुऊन वाळत घातली. टाकीतलं थोडं पेट्रोल नळीने काचेच्या बाटलीत काढलं आणि ती बाटली जिन्यावर ठेवून वाट पाहिली. तळाशी पाण्याचा गोळा बसला, तेव्हा टाकी पूर्ण उपसली. दुसऱ्या बाजूच्या गोल चाकामागचे, ठिणगी पाडणारे पॉइंट मास्तरांनी फडक्याने पुसले, मग बारीक पॉलिश पेपरने घासले. पुढचे आणि मागचे ब्रेक उघडून ड्रम पुसले, लायनरवरचा गंज घासून काढला. क्लचच्या, ब्रेकच्या, गिअरच्या तारांत तेलाचे थेंब सोडले, कारण तारा आतून गंजल्या की भर रस्त्यात तुटतात. चाकं फिरवून बेअरिंगला कान लावला. गिअर ऑइल पेट्रोल पंपावरून नवीन आणलं. थोडं घातलं, चाक हाताने फिरवलं, तेही ओतून टाकलं, मग पुन्हा भरलं, म्हणजे तळाचं ताक धुऊन निघालं. आणि शेवटी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल ओतून सावकाश पाच-सहा किका मारल्या, आत गंज धरू नये म्हणून.

सगळ्यात शेवटी कोरडा प्लग लावला आणि किक मारली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा स्कूटरने असा धूर सोडला, की चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘म्युनिसिपालिटीचे डासवाले आले’ म्हणून खिडक्या लावून घेतल्या. धूर विरला तसा इंजिनाचा आवाज आला. गोड. तिघांपैकी एकाने तर स्कूटरला हात जोडले. मी सांगणार नाही कुणी, पण त्याचा दुसरा झब्बाही काळा झाला होता.

मंगळवारी सकाळी बायको नऊवारी नेसून, गजरा माळून मागे बसली. साकीनाका, पवई. तलावाकाठी तर ऊनसुद्धा पडलं. मी शीळ घालत होतो. विक्रोळीनंतर मुख्य रस्त्याला लागलो आणि भांडुपच्या अलीकडे पाणी. कालचं, तुंबलेलं. गुडघ्यापर्यंत असेल.

“काढतो मी,” मी म्हणालो. “पहिला गिअर, अर्धा क्लच...”

“चावी बंद करा.”

“अगं, तुझी नऊवारी...”

“नऊवारीचा काष्टा असतो. उतरा.”

चावी बंद केली, कॉक बंद केला. तिने काष्टा आणखी वर खोचला, एका हाताने गजरा धरला आणि दुसऱ्याने मागून ढकलू लागली. पाण्याच्या मधोमध एक जुनी मोटार बॉनेट उघडून उभी होती. आत माझा साडू, मागे थोरली बहीण, आणि तिच्या शेजारी त्या सासूबाई, पाय सीटवर घेऊन. साडू पुन्हापुन्हा चावी फिरवत होता आणि मोटार दम्याच्या रोग्यासारखी घुरघुरत होती.

“दाजी, सेल्फ मारू नका!” बायकोने पाण्यातून आवाज दिला. “आत पाणी गेलं असेल! आधी प्लग काढा! आणि गिअरचं तेल बघा, ताक झालं नाही ना ते!”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ‘बस हो, दमली असशील’ असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

पलीकडे गेल्यावर स्कूटर दोन किकांत सुरू झाली. ओले ब्रेक धरत नाहीत म्हणून मी हळू चालवत, दोन्ही ब्रेक हलके दाबत दाबत निघालो. दाबून त्यांना गरम केलं, की ते वाळतात. अशी आम्ही ब्रेक वाळवत चाललो होतो, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“ज्येष्ठात एकदा आपल्या भाकरीला पेट्रोलचा वास आला होता, आठवतं?”

“रेशनची ज्वारी ती,” मी म्हणालो.

“मीही तेच म्हटलं. पण त्या दिवशी तुमच्या शर्टाच्या खिशाला गोल काळा डाग होता, सुपारीएवढा. रिठ्याने घासला तरी गेला नाही. आणि तव्यावर कडेला एक गोल पांढरी खूण. रविवारी तुम्ही प्लग काढून हातात धरलात ना, तेव्हा मी माप जुळवलं.”

ब्रेक आता अगदी वाळले होते. एवढे, की मी नुसता दाबल्याबरोबर स्कूटर जागच्या जागी उभी राहिली.

“त्यांना सांगणार आहेस?”

“बघू,” ती म्हणाली. “मंगळवार माझाच राहू दे. कायमचा. आणि चालवायला शिकवा मला.”

“नऊवारीत?”

“साध्या साडीत शिकेन. नऊवारीचं नंतर बघू.”

मुलुंडच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते, पण गजरा शाबूत होता आणि इंजिन चालू होतं. तिने ते मुद्दाम बंद करू दिलं नाही. सगळ्या बायका बाहेर येईपर्यंत चालू ठेवायला लावलं.

घटनेत दुरुस्ती झाली. आता पाणी जाणं हा गुन्हा नाही, न सांगणं हा गुन्हा. सांगितलं की तिघं पाने घेऊन खाली येतात. दिवाळीच्या आत बायको मरोळच्या मोकळ्या रस्त्यावर स्कूटर चालवायला लागली. पुढच्या पावसात पहिल्यांदाच तिच्या मंगळवारी पाणी आडवं आलं. तिने चावी बंद केली, स्वतः बसून राहिली, हँडल सरळ धरलं, आणि मागे वळून मला म्हणाली, “उतरा. ढकला.”